‘आय स्टिच’ की ‘आय ॲम स्टिचिंग’: नियम पाठ असूनही पुन्हा पुन्हा होणारी चूक आणि तिचे निवारण

प्रौढ वयात इंग्रजी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांचे नियम सहसा ठाऊक असतात. सवय असेल तर साधा आणि क्रिया आत्ता चालू असेल तर चालू, हे तो न अडखळता सांगतो. तरीही बोलण्याची वेळ आली की तोंडून ‘आय ॲम गोइंग टू ऑफिस एव्हरी डे’ असेच वाक्य येते, आणि कितीही वेळा दुरुस्त केले तरी आठवड्याभराने तीच चूक परत दिसते. गेली काही वर्षे मी संध्याकाळच्या वर्गात प्रौढांना इंग्रजी शिकवतो. या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की चुकीचे मूळ इंग्रजीच्या नियमात नाही, ते मराठी क्रियापदाच्या शेपटीत आहे. म्हणून नियम आणखी एकदा पाठ करून ही अडचण सुटत नाही.

माझ्या वर्गातील एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या बाबतीत जे घडले, त्यावरून हे नीट समजेल. त्यांचे स्वतःचे छोटे दुकान आहे. एका शाळेसाठी चाळीस गणवेश शिवून हवे होते, म्हणून तेथील व्यवस्थापिकेने त्यांना फोन केला. त्या व्यवस्थापिका बरीच वर्षे परदेशात राहून आलेल्या होत्या आणि इंग्रजीतच बोलत होत्या. त्यांनी विचारले, ‘डू यू स्टिच स्कूल युनिफॉर्म्स?’ बाईंनी आनंदाने उत्तर दिले, ‘येस, आय ॲम स्टिचिंग स्कूल युनिफॉर्म्स.’ बाईंना म्हणायचे होते की गणवेश शिवणे हे माझे नेहमीचे काम आहे. ऐकणाऱ्या व्यवस्थापिकेला मात्र असे वाटले की बाईंच्या हातात सध्या दुसऱ्या कोणाचे तरी गणवेश आहेत, त्यामुळे हे काम त्यांना जमणार नाही. त्यांनी आभार मानून फोन ठेवला आणि काम दुसरीकडे गेले. आपल्याकडच्या बहुतेक ऐकणाऱ्यांना बाईंचा अर्थ बरोबर कळला असता, कारण भारतात असे बोलणे सर्रास चालते; परंतु ज्याच्या कानाला ती सवय नाही, त्याला दोन रूपांतून दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात.

असे का होते, हे पाहण्यासाठी मराठीतील ही चार वाक्ये शेजारी शेजारी ठेवावीत: ‘मी गणवेश शिवते’, ‘मी गणवेश शिवत असते’, ‘मी गणवेश शिवत आहे’ आणि ‘मी गणवेश शिवतेय’. शेवटचे रूप ‘शिवते आहे’ याचेच बोलण्यात आखूड झालेले रूप आहे. इंग्रजीत या चारांसाठी दोनच घरे आहेत. पहिली दोन वाक्ये साध्या वर्तमानकाळाच्या घरात जातात आणि शेवटची दोन चालू वर्तमानकाळाच्या घरात. घोटाळा दुसऱ्या वाक्यामुळे होतो. ‘शिवत असते’ हा मराठीतील रीती वर्तमानकाळ आहे आणि तो सवय सांगतो, पण दिसायला तो ‘शिवत आहे’ याच्या सख्ख्या बहिणीसारखा दिसतो. शाळेत आपल्याला ‘त आहे’ म्हणजे ‘आयएनजी’ असे समीकरण शिकवलेले असते. त्यामुळे ‘शिवत’ कानावर पडताच मन ‘स्टिचिंग’ उचलते आणि मागे ‘असते’ आहे की ‘आहे’, हे तपासायला थांबत नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, जरी त्याची चर्चा कमी होते. साध्या वर्तमानकाळात ‘ही’ आणि ‘शी’ यांच्यापुढे क्रियापदाला ‘एस’ लावावा लागतो, प्रश्नासाठी ‘डू’ की ‘डझ’ हे ठरवावे लागते आणि ‘डझ’ आले की तो ‘एस’ पुन्हा काढावा लागतो. चालू वर्तमानकाळात ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ यांपैकी एक निवडले की पुढे सगळीकडे ‘आयएनजी’ चालते. म्हणून भीती वाटणारा माणूस नकळत चालू वर्तमानकाळाच्या आश्रयाला जातो, कारण तेथे चुकण्याच्या जागा कमी आहेत. तुमच्या बोलण्यात सगळीकडेच ‘आयएनजी’ येत असेल, तर आपण अर्थ पाहून रूप निवडतो आहोत की ‘एस’ टाळण्यासाठी, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. दुसरे असेल, तर पुढील उपायांच्या आधी ‘ही स्टिचेस, डझ ही स्टिच, ही डझन्ट स्टिच’ ही एकच तिकडी आठ-दहा वेगवेगळ्या क्रियापदांवर तोंडात बसवावी लागेल.

उपायाचा गाभा असा आहे की मराठी क्रियापदाच्या शेपटीकडे पाहणे थांबवावे आणि त्याऐवजी वाक्याच्या आरंभी मनातल्या मनात एक शब्द ठेवून पाहावा. तो शब्द ‘एरवी’ आहे की ‘सध्या’, यावर रूप ठरते. ‘एरवी मी बसने जाते’ हे वाक्य खरे असेल, तर इंग्रजीत ‘आय गो बाय बस’. ‘सध्या रस्ता खोदला आहे म्हणून मी रिक्षाने जाते’ हे खरे असेल, तर ‘आय ॲम गोइंग बाय रिक्षा दीज डेज’. मराठीत दोन्हीकडे ‘जाते’ हेच रूप आले, ही गोष्ट येथे नीट पाहावी. मराठी क्रियापदाला ‘सध्या’चे काहीच वाटत नाही, ते ‘जाते’ही राहू शकते आणि ‘जातेय’ही होऊ शकते. इंग्रजीत मात्र तात्पुरती परिस्थिती सांगताना क्रियापदाने आपले रूप बदलणे अपेक्षित असते. येथे मराठी माणसाची चूक उलट्या बाजूने होते: सवयीला तो विनाकारण ‘आयएनजी’ लावतो आणि तात्पुरत्या गोष्टीला लावायचे तेथे विसरतो.

तात्पुरते म्हणजे किती दिवस, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर दिवसांत देता येत नाही, कारण ते बोलणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. एखादी व्यक्ती घराचे बांधकाम पूर्ण होईपर्यंत दोन वर्षे भावाकडे राहत असली, तरी ती ‘आय ॲम लिव्हिंग विथ माय ब्रदर’ असे म्हणेल, कारण तिच्या मनात ही व्यवस्था संपणार आहे. दुसरी व्यक्ती कालच नव्या घरात राहायला गेली असली, तरी ‘आय लिव्ह इन ठाणे’ म्हणेल, कारण आता तेच तिचे घर आहे. क्रिया या क्षणी डोळ्यांसमोर घडलीच पाहिजे, असेही नाही. बाई चहा पीत बसल्या असल्या तरी या महिन्यात त्यांनी लग्नाचे कपडे शिवायला घेतले असतील, तर ‘आय ॲम स्टिचिंग वेडिंग क्लोद्स धिस मंथ’ हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. ‘चालू’ या नावामुळे अनेकांना वाटते की सुई हातात असल्याशिवाय हे रूप वापरता येत नाही; तसे मुळीच नाही.

‘एरवी’ आणि ‘सध्या’ लावून पाहण्याच्या आधी एक चाळणी लावावी लागते. मराठी वाक्य ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’ या शब्दाने सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा इंग्रजीत साधा वर्तमानकाळच येतो, मग मराठीत ‘आहे’ असो वा नसो. ‘मला माहीत आहे’ म्हणजे ‘आय नो’, ‘मला हवे आहे’ म्हणजे ‘आय वॉन्ट’, ‘मला आवडते’ म्हणजे ‘आय लाइक’, ‘मला समजते’ म्हणजे ‘आय अंडरस्टँड’ आणि ‘माझ्याकडे तीन मशीन आहेत’ म्हणजे ‘आय हॅव थ्री मशीन्स’. ‘आय ॲम नोइंग’ आणि ‘आय ॲम हॅविंग थ्री मशीन्स’ ही वाक्ये या ‘आहे’ने घडवलेली आहेत. ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यात आपण काही करत नसतो, काहीतरी आपल्या ठिकाणी असते, वाटते किंवा कळते. इंग्रजी अशा स्थितीला सहसा ‘आयएनजी’ लावत नाही. आपल्या भाषेने हा भेद ‘मी’ आणि ‘मला’ यांत आधीच करून ठेवला आहे आणि शिकणाऱ्याला तो आयता वापरता येतो, याचा मला दर वेळी आनंद होतो.

ही चाळणी सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘मला कंटाळा येतोय’ याचे इंग्रजी ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ असे होते, आणि ‘मला बरे वाटत नाही’ यासाठी ‘आय डोन्ट फील वेल’ आणि ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. त्याचप्रमाणे ‘हॅव’ याचा अर्थ जवळ असणे असा नसून जेवणे किंवा पिणे असा असेल, तर ती क्रिया होते आणि ‘आय ॲम हॅविंग लंच’ हे वाक्य बिनधास्त वापरावे.

आता भविष्याकडे वळू. येथे मराठी आपल्याला बरीच मदत करते, पण एका जागी फसवते. ‘शुक्रवारी पुण्याला जायचे ठरले आहे’ असे म्हणता येत असेल, म्हणजे तारीख धरली आहे, तिकीट काढले आहे किंवा समोरच्या माणसाला कळवले आहे, तर इंग्रजीत ‘आय ॲम गोइंग टू पुणे ऑन फ्रायडे’ असा चालू वर्तमानकाळ येतो. मराठीतही आपण ‘शुक्रवारी पुण्याला जातेय’ असेच म्हणतो, त्यामुळे हे रूप जवळचे वाटते. मात्र इंग्रजी वाक्यात दिवस किंवा वेळ सांगितलेली असावी, किंवा आधीच्या बोलण्यातून ती स्पष्ट असावी. नुसते ‘आय ॲम मीटिंग द डॉक्टर’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही आत्ता डॉक्टरांसमोर बसला आहात.

याला एक अपवाद आहे. ठरवणारे आपण नसून वेळापत्रक असेल, तर साधा वर्तमानकाळ येतो: ‘द बस लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’, ‘द क्लास स्टार्ट्स ऑन मंडे’. मराठीतही ‘बस उद्या सहाला सुटते’ असेच म्हणतात, त्यामुळे येथे सहसा कोणी चुकत नाही. बसच्या जागी आपण स्वतः आलो की मात्र रूप बदलते: ‘द बस लीव्ह्ज ॲट सिक्स’, पण ‘आय ॲम टेकिंग द सिक्स ओक्लॉक बस’.

फसवी जागा वेगळीच आहे. मराठीत बोलता बोलता दिलेले वचन आपण साध्या वर्तमानकाळात देतो: ‘पाच मिनिटांत फोन करते’, ‘संध्याकाळी फोटो पाठवते’, ‘थांबा, मी बघते’. रूप वर्तमानाचे आहे आणि अर्थ भविष्याचा. तेच इंग्रजीत उतरवून ‘आय सेंड फोटो इन द इव्हनिंग’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटते की रोज संध्याकाळी फोटो पाठवण्याची तुमची सवय आहे. ज्या गोष्टीचा निर्णय बोलताना, त्या क्षणी झाला, तिला या लेखातील दोन्ही काळ उपयोगी नाहीत. तेथे ‘आय विल सेंड यू अ फोटो’ असे ‘विल’ लागते. म्हणून भविष्याचे वाक्य जुळवताना, ही गोष्ट तोंड उघडण्याआधी ठरली होती की तोंड उघडल्यावर ठरली, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा.

या सगळ्याचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, हे पाहण्यासाठी पुन्हा त्या बाईंकडे जाऊ. फोनच्या प्रसंगानंतर मी त्यांना आपल्या दुकानाविषयी सहा वाक्ये लिहून आणायला सांगितली. आम्ही ती एकेक करून तपासली.

त्यांचे पहिले वाक्य होते, ‘आय ॲम स्टिचिंग ब्लाउजेस अँड ड्रेसेस.’ मी विचारले, एरवी की सध्या? त्यांनी उत्तर दिले, ‘एरवीच हो, पंधरा वर्षं तेच करते.’ वाक्य ‘आय स्टिच ब्लाउजेस अँड ड्रेसेस’ असे झाले. त्यांच्या उत्तरातील ‘पंधरा वर्षं’ हे शब्द इंग्रजी वाक्यात घालायचे असते, तर दोन्ही काळ सोडून ‘आय हॅव बीन स्टिचिंग फॉर फिफ्टीन इयर्स’ असे म्हणावे लागले असते. ‘आय ॲम स्टिचिंग सिन्स फिफ्टीन इयर्स’ ही चूक या दुखण्याच्या शेजारची असली तरी वेगळी आहे, आणि तिचे औषध येथे शोधू नये.

दुसरे वाक्य ‘आय ॲम हॅविंग थ्री मशीन्स’ हे ‘माझ्याकडे’च्या चाळणीत अडकले आणि ‘आय हॅव थ्री मशीन्स’ झाले. तिसरे वाक्य ‘माय सिस्टर हेल्प मी’ असे होते. मूळ मराठी विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘बहिणीला सुट्टी लागलीये ना, म्हणून ती मदत करते.’ म्हणजे हे सुट्टीपुरते, सध्याचे काम होते आणि ‘माय सिस्टर इज हेल्पिंग मी धिस मंथ’ हे वाक्य योग्य ठरले. बहीण कायम मदत करत असती तर ‘माय सिस्टर हेल्प्स मी’ हे बरोबर झाले असते, पण तेव्हाही ‘एस’ लागला असताच.

चौथे वाक्य ‘द शॉप इज ओपनिंग ॲट टेन’ असे होते. दुकान रोज दहाला उघडते, म्हणून ‘द शॉप ओपन्स ॲट टेन’. पाचव्या वाक्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. बाईंनी लिहिले होते, ‘ऑन फ्रायडे आय गो टू पुणे.’ मराठीत त्यांच्या मनात ‘शुक्रवारी मी कापड आणायला पुण्याला जाते’ हे वाक्य होते, आणि या मराठी वाक्याचेच दोन अर्थ होतात: दर शुक्रवारी जाते, किंवा येत्या शुक्रवारी जायचे ठरले आहे. मराठीत तो गुंता प्रसंगावरून सुटतो, पण इंग्रजी क्रियापदाला आधीच बाजू निवडावी लागते. दर शुक्रवारी असेल तर ‘आय गो टू पुणे ऑन फ्रायडेज’, आणि येत्या शुक्रवारी असेल तर ‘आय ॲम गोइंग टू पुणे ऑन फ्रायडे’. बाईंचे तिकीट काढलेले होते, त्यामुळे दुसरे वाक्य राहिले. सहावे वाक्य वचनाचे होते, ‘आय सेंड फोटो’, आणि त्याचे ‘आय विल सेंड यू अ फोटो’ असे झाले.

लिहिताना एवढे जमते, पण बोलताना विचार करायला वेळ नसतो. त्यासाठी मी एकच सराव सुचवतो: रोज स्वतःच्या दिवसातून ‘एरवी’ आणि ‘सध्या’ यांची एक खरी जोडी काढून मोठ्याने म्हणावी. ‘आय युज्वली क्लोज ॲट एट, बट धिस वीक आय ॲम क्लोजिंग ॲट टेन.’ ‘माय सन युज्वली स्टडीज ॲट होम, बट दीज डेज ही इज स्टडीइंग ॲट द लायब्ररी.’ दोन्ही रूपे एकाच श्वासात आली की त्यांतील फरक कानाला कळू लागतो. सुटी वाक्ये कितीही म्हटली तरी तसा कळत नाही. हा सराव करताना ‘आय ॲम क्लोज’ असे अर्धवट रूप निघत असेल, तर तुमच्या मनात ‘मी’ या शब्दाचा अर्थ ‘आय ॲम’ असा चिकटून बसला आहे. ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’ ही दाराची दोन कवाडे आहेत असे समजावे आणि एक लावले की दुसरेही लावावे, नाहीतर दोन्ही उघडी ठेवावीत.

समोरच्याच्या प्रश्नाचे उत्तर देताना तर ‘एरवी’ आणि ‘सध्या’ आठवण्याचीही गरज नसते, कारण निवड विचारणाऱ्याने आधीच केलेली असते. प्रश्न ‘डू’ने सुरू झाला असेल, तर उत्तर ‘आय डू’. ‘आर’ने सुरू झाला असेल, तर ‘आय ॲम’. त्या व्यवस्थापिकेने ‘डू यू स्टिच’ असे विचारले होते, ‘आर यू स्टिचिंग’ असे नाही. आता बाईंनी दुकानातील भिंतीवर, फोनच्या अगदी वर, एक चिठ्ठी चिकटवली आहे आणि तिच्यावर त्या फोनला द्यायचे उत्तर देवनागरीत लिहून ठेवले आहे: ‘येस, आय डू. हाउ मेनी डू यू नीड?’